कच्चं लिंबू आणि नूब

ऑनलाइन खेळांच्या भाषेवर लिहिणारे बहुतेक जण शिव्यांवर लिहितात. शिव्या मजेशीर असतात, त्यांचा कोश करता येतो. मला मात्र त्या खेळांतली सभ्य वाक्यं जास्त बुचकळ्यात टाकतात. रॉकेट लीग नावाचा खेळ मी गेली काही वर्षं रात्री जेवणं उरकल्यावर खेळते. मोटारींनी खेळायचा फुटबॉल, एका बाजूला तीन गाड्या, पाच मिनिटांचा सामना. गाडी हाकताना टाइप करायला हात मोकळा नसतो, म्हणून खेळानं काही तयार वाक्यं दिली आहेत. दोन बटणं लागोपाठ दाबली की त्यांतलं एक सगळ्यांच्या पडद्यावर उमटतं. पहिलं बटण गट निवडतं : माहिती, कौतुक, प्रतिक्रिया किंवा माफी. दुसरं बटण त्या गटातल्या चारांपैकी एक वाक्य निवडतं. ‘नाइस शॉट!’, ‘ग्रेट पास!’, ‘थँक्स!’, ‘व्हॉट अ सेव्ह!’ हा झाला कौतुकाचा गट.

गंमत पुढे आहे. मी ‘नाइस शॉट’ पाठवते तेव्हा ती अक्षरं जातच नाहीत. जाते ती फक्त खूण, म्हणजे यादीतलं अमुक क्रमांकाचं वाक्य. समोरच्या माणसाचा खेळ ज्या भाषेत लावलेला असेल, त्या भाषेत ते वाक्य त्याच्या पडद्यावर उभं राहतं. मी इंग्रजीत कौतुक केलं, ते पोलंडमधल्या मुलाला पोलिशमध्ये मिळालं आणि तुर्की मुलीला तुर्कीमध्ये. भाषांतरकार कोण? तो काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी कचेरीत बसून एका तक्त्यात ही वाक्यं भरून निघून गेला. मीही पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, म्हणून त्या अनोळखी माणसाबद्दल मला जिव्हाळा आहे. त्याला दोन-तीन शब्दांचं वाक्य मिळालं असणार. ते कोण, कोणाला आणि कशानंतर म्हणेल हे त्याला ठाऊक नसणार. आणि ते जगभर दिवसातून अगणित वेळा उच्चारलं जाणार.

ही कल्पना रॉकेट लीगची नाही. 2002 साली जपानमध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा खेळ आला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला, तेव्हा जपानी आणि अमेरिकी खेळाडू एकाच जगात आणून सोडले गेले. एकत्र टोळी करून लढल्याशिवाय त्या खेळात पुढे सरकता येत नसे, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसे. म्हणून तिथे तयार शब्दांचा आणि वाक्यांचा मोठा साठा होता. पहिली काही अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की वाक्य निवडलं जाई आणि समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना एक हिरवा आणि एक लाल असे छोटे कंस असत. मला हे कंस फार आवडतात. ते वाचणाऱ्याला सांगत, की हे शब्द या माणसाचे नाहीत, त्यानं साठ्यातून उचललेत, तेव्हा ते जरा उदारपणे वाच. लोक मग असे तीन-चार कंस एकापुढे एक ठेवून मोडकंतोडकं वाक्य जुळवत. व्याकरणाचा पत्ता नसे, पण काम होई. रॉकेट लीगमध्ये कंस नाहीत. तिथं समोरचा माणूस आपल्याशी आपल्या भाषेत बोलतोय असंच वाटतं, आणि माझ्या मते घोटाळा इथूनच सुरू होतो.

‘व्हॉट अ सेव्ह!’ हे वाक्य घ्या. या खेळात ते सगळ्यांत बदनाम आहे. यादी करणाऱ्याच्या मनात सरळ अर्थ होता : गोल होता होता कुणी अडवला तर म्हणायचं, वा, काय अडवलास! प्रत्यक्षात काय होतं पाहा. शेवटचं मिनिट, गोल दोन-दोन. आपल्या गोलासमोरचा गडी उडी मारतो, बॉल त्याच्या गाडीखालून सुळकन आत जातो. पडद्यावर गोलाची पुनरावृत्ती सुरू होते, आणि तेवढ्या वेळात चॅटमध्ये प्रतिपक्षाकडून येतं, ‘व्हॉट अ सेव्ह!’ मग पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. इतक्या भराभर पाठवलं की खेळ पाठवणाऱ्याचं तोंड काही सेकंद बंद करतो. ते तोंड बंद होणं हीच आता त्या टोमण्याची शेवटची ओळ झाली आहे. कधीकधी आपल्याच संघातला तिसरा गडीही त्यात सूर मिसळतो, आणि ते जास्त लागतं.

आता या टोमण्याचं भाषांतर कुणी केलं? कुणीच नाही. तक्त्यात जर्मन, जपानी, पोर्तुगीज अशा प्रत्येक भाषेत सरळ कौतुकच लिहिलेलं आहे. तरी टोमणा सगळ्या भाषांत जसाच्या तसा पोचतो. कारण तो शब्दांत नाहीच. तो तीन गोष्टींत आहे : वाक्य कशानंतर आलं, कुठल्या संघाकडून आलं आणि किती वेळा आलं. खरं कौतुक अडवल्यानंतर क्षणभरात येतं, बहुधा आपल्या माणसाकडून आणि एकदाच. खेळ स्वतः अडवण्याचे पन्नास गुण देतो, अवघड अडवणूक असेल तर पंचाहत्तर, आणि तशी पाटी पडद्यावर झळकते. त्या पाटीमागून आलेलं वाक्य निःशंक गोड मानावं. गोल झाल्याच्या पाटीमागून तेच वाक्य आलं तर ती शिवी. शब्दकोश न उघडता, चॅट न वाचता, नुसता वेळ पाहून तुम्हाला हा फरक सांगता येईल. इतकं सहज भाषांतर होणारी दुसरी गोष्ट मी माझ्या धंद्यात पाहिलेली नाही.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पोरानं कपबशी फोडली की घरातून पहिला शब्द येतो, ‘शाब्बास!’ कौतुकाचा शब्द उलटा धरून मारणं ही आपली रोजची सवय. पण घरी आवाज असतो, चेहरा असतो. तयार वाक्यांच्या खेळात ते दोन्ही काढून टाकले तरी शाब्बास उलटं फिरतंच, हे मला या खेळानं शिकवलं.

खेळ करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याशी टाइप करून बोलताच येत नाही, फक्त सहा तयार उद्गार असतात. सुरुवातीला त्यांत ‘सॉरी’ होता. लोक तो कधी वापरत? तर समोरच्याला चिरडून टाकणारा पत्ता टाकताना. 2015 साली कंपनीनं तो उद्गार काढून त्याच्या जागी ‘वाव’ आणला. म्हणजे माफी मागायची सोयच काढून घेतली, कारण ती कुणी मनापासून मागत नव्हतं. मला हा निर्णय फसलेला वाटतो. ‘वाव’ पहिल्या दिवसापासून त्याच कामाला जुंपला गेला, आणि ज्या मोजक्या लोकांना खरंच सॉरी म्हणायचं होतं ते मुके झाले. टोमणा शब्दात बसत नाही हे एकदा मान्य केलं की शब्द हाकलून काय मिळणार?

रॉकेट लीगच्या यादीत एक वाक्य मात्र असं आहे जे लिहिणाऱ्यानंच मिश्किलपणे लिहिलं असावं. ‘कॅल्क्युलेटेड.’ उद्गारचिन्ह नाही, नुसता पूर्णविराम. बॉल कुठल्यातरी गाडीच्या टपावरून उडून, भिंतीला आपटून, निव्वळ नशिबानं गोलात गेला की ते म्हणायचं. मराठीत मी त्याला ‘ठरवून मारलाय.’ म्हणेन. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटची कड लागून चौकार गेला की आपण नेमकं हेच म्हणतो.

आता मराठीकडे आलेच आहे तर तो प्रयोगही मांडते. या खेळात मराठी नाही, आणि नजीकच्या काळात येईल अशी चिन्हंही नाहीत. तरी मी एका संध्याकाळी बसून तो तक्ता मराठीत भरून पाहिला. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. कौतुकाचा गट खरंच सोपा गेला. ‘व्हॉट अ सेव्ह’ला ‘काय अडवला!’ हे मला सगळ्यांत बरं वाटलं. ‘अडवलास’ म्हटलं की एकालाच उद्देशून होतं आणि समोरचा लहान की मोठा हा प्रश्न येतो, ‘अडवलात’ म्हटलं तर लग्नातल्या व्याह्यांशी बोलल्यासारखं होतं. ‘काय अडवला!’ मैदानावर सगळ्यांना ऐकू जाईल असं आहे. शिवाय भूतकाळात आपलं क्रियापद बॉलच्या लिंगाप्रमाणे चालतं, अडवणाऱ्याच्या नाही. गाडीत बाई आहे की पुरुष, हे वाक्याला विचारावंच लागत नाही.

अडलं ते माहितीच्या गटात. ‘आय गॉट इट!’ म्हणजे बॉल मी घेतेय, तुम्ही मध्ये येऊ नका. मराठीत काय लिहाल? ‘मी घेतो’ लिहिलं तर माझ्या पडद्यावरून रोज रात्री एक पुरुष बोलू लागेल. ‘मी घेते’ लिहिलं तर सगळ्या पुरुषांना साडी नेसवल्यासारखं होईल. दोन पर्याय ठेवून खेळाडूला निवडायला लावलं, तर बाई खेळतेय हे सामना सुरू होताच पाच अनोळखी लोकांना कळेल. हा काल्पनिक प्रश्न नाही. माझ्यासकट ओळखीच्या कितीतरी मुली नाव, चित्र, आवाज यांतलं काहीच बाईचं ठेवत नाहीत, कारण कळल्यानंतर चॅटमध्ये काय येतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. इंग्रजी वाक्य ही गोष्ट झाकून ठेवतं, कारण इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. आपलं वर्तमानकाळातलं क्रियापद ती चव्हाट्यावर मांडतं. हिंदीतही तेच. फ्रेंचमध्ये माफीचा साधा शब्द, ‘देझोले’, लिहिताना बाईसाठी शेवटी एक अक्षर जास्त लागतं. उच्चारात कळत नाही, पण चॅटमध्ये सगळं लिहिलेलंच असतं.

उत्तर मला अखेर पुस्तकात नाही, मैदानात सापडलं. उंच झेल उडाला की क्षेत्ररक्षक ‘मी घेतो’ असं कधीच ओरडत नाही. तो ओरडतो, ‘माझा!’ एक शब्द, बॉल पुल्लिंगी, ओरडणारा कुणीही. मग ‘ऑल यूअर्स’ आपोआप ‘तुझा!’ झालं. ‘माय बॅड’ला ‘माझं चुकलं’, ‘डिफेंडिंग’ला ‘मी मागे आहे’. ‘नो प्रॉब्लेम’ला ‘असू दे’. कुठेही बाई-पुरुष आला नाही. एक गोष्ट मात्र करावी लागली. तक्त्यातल्या इंग्रजी शब्दांकडे पाहणं सोडून, अशा वेळी आपली पोरं काय ओरडतात ते आठवावं लागलं.

‘थँक्स’ मात्र सुटलं नाही. ‘धन्यवाद’ हा शब्द आपण सभेत, पत्रात आणि बँकेच्या संदेशात वापरतो. सोबतच्या गड्यानं सुंदर पास दिला आणि मी ‘धन्यवाद’ म्हटलं, तर त्याला वाटेल पास वाईट होता. ‘मंडळ आपलं आभारी आहे’ म्हटल्यासारखाच तो प्रकार. म्हणजे इंग्रजीत जे वाक्य वेळेमुळे तिरकं होतं, ते मराठीत जन्मतःच तिरकं. मित्रांमध्ये आपण आभार मानतच नाही, पास चांगला असेल तर गोल मारतो. मी तिथं ‘थँक्स’च ठेवलं, देवनागरीत.

gg मी तसंच ठेवलं, पण त्याची कारणं वेगळी आहेत. मूळ इंग्रजी ‘गुड गेम’, म्हणजे सामना छान झाला, कुस्तीनंतर हात मिळवावा तसं. पण हे दोन अक्षरांचं नाणं जिथे गेलं तिथे त्याची किंमत बदलली. कोरियात ‘स्टारक्राफ्ट’चे सामने टीव्हीवर दाखवले जात तेव्हा हरणारा खेळाडू gg टाइप करून शरण जाई, आणि समालोचक त्या क्षणाची वाट पाहत. त्यावरून कोरियन बोलीत ‘जीजी छिदा’ हा वाक्प्रचारच झाला. छिदा म्हणजे मारणं, तसंच कळा मारणं, म्हणजे टाइप करणं. परीक्षा, नोकरी, कुठल्याही गोष्टीत हात टेकले की जीजी मारलं म्हणतात. चिनी बोलीत एखादी गोष्ट gg झाली म्हणजे तिचे बारा वाजले. तेव्हा सामना संपायच्या आत कुणी gg लिहिलं, तर ते हात मिळवणं आहे, शरणागती आहे की ‘तुमचे बारा वाजलेत’ आहे, हे पुन्हा कोण म्हणतंय त्यावर. हरणाऱ्यानं म्हटलं तर शालीनता. जिंकणाऱ्यानं आधी म्हटलं तर उर्मटपणा. जिंकणारा त्यापुढे ez, म्हणजे ‘सोपं होतं’, जोडत असेल तर शंकेला जागाच नाही. 2016 साली ‘ओव्हरवॉच’च्या कर्त्यांनी यावर खोडकर उपाय काढला. खेळाडूनं gg ez टाइप केलं की खेळ त्याजागी भलतंच वाक्य छापे, जसं की माझी झोपायची वेळ टळून गेलीय, आईला सांगू नका. टोमणा मारणाराच सगळ्यांसमोर शेंबडा ठरे. भाषांतरकाराला असा सूड क्वचित मिळतो.

राहिला नूब. तो कुठल्याही अधिकृत यादीत नाही, आणि तरी सगळ्या याद्यांच्या मागे तोच उभा आहे. तिसऱ्यांदा आलेल्या ‘व्हॉट अ सेव्ह’चा अर्थ शेवटी नूबच. इंग्रजीत न्यूबी आणि नूब यांत जाणकार फरक करतात : न्यूबी नवा असतो, शिकेल. नूब नवा नसूनही शिकत नाही, किंवा शिकायची त्याची इच्छा नाही. रागाच्या भरात हा फरक कुणी पाळत नाही हे वेगळं.

मराठीत याला शब्द शोधताना मी ‘कच्चं लिंबू’पाशी येऊन थांबले, आणि मग ते भाषांतर होणार नाही हे लक्षात आलं. ज्यांचं लहानपण चाळीत किंवा वाडीत गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लपंडाव, पकडापकडी चालू असताना कुणाचातरी चार वर्षांचा भाऊ मागे लागतो. त्याला हाकललं तर तो आईकडे जाणार. घेतलं तर तो प्रत्येक वेळी पकडला जाणार. मग ठरतं, हा कच्चं लिंबू. काही ठिकाणी म्हणतात, याला दूधभात. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. खेळातल्या कौशल्याच्या दृष्टीनं तो अगदी नूब आहे. पण हे नाव त्याला चूक झाल्यावर मिळालेलं नाही, डाव सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या संमतीनं मिळालंय. त्यात थोडी खोटी समजूत आहे, थोडा अपमानही आहे, मोठं होताना कच्चं लिंबू असणं पोरांना खुपतं. तरी त्या शब्दाबरोबर एक सवलत येते. नूबबरोबर काहीच येत नाही.

ऑनलाइन खेळात ही सवलत द्यायचं काम यंत्राकडे गेलं आहे. तुमच्या हार-जितीवरून ते एक छुपा आकडा धरतं आणि तुम्हाला तुमच्याच वकुबाच्या लोकांत टाकतं. पण हे कुणाला दिसत नाही, आणि हुशार खेळाडू नवं खातं काढून मुद्दाम खालच्या लोकांत येतात, तेव्हा सगळी व्यवस्था कोसळते. कच्च्या लिंबाचं मर्म ते उघड जाहीर होण्यात होतं.

त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट मला शब्दांत नाही, एका चित्रात सापडली. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये नव्या खेळाडूच्या नावाशेजारी एक छोटं हिरवं रोप असतं. जपानमध्ये नव्या वाहनचालकाला पहिलं वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावावी लागते, 1972 पासून. त्याच जातीची ही खूण. ती पाहून मागचा चालक हॉर्न कमी वाजवतो, निदान वाजवू नये अशी अपेक्षा असते. खेळात त्यापुढे आणखी एक केलंय. कुठल्याही गुहेत शिरताना टोळीत कुणी तिथं पहिल्यांदाच आलेला असेल तर खेळ ते सगळ्यांना सांगतो, आणि काम फत्ते झाल्यावर सगळ्यांना थोडं जास्त बक्षीस देतो. म्हणजे कच्चं लिंबू बरोबर असणं फायद्याचं. इंग्रजी खेळाडू अशा नवख्याला ‘स्प्राउट’ म्हणतात, आणि माझ्या कानाला तरी तो शब्द मायेचा लागतो.

माझ्या मराठी तक्त्यात एक घर मोकळं होतं. रॉकेट लीगच्या यादीत सामन्याआधी स्वतःबद्दल बोलायला काहीच नाही. तिथं मी लिहिलं, ‘मी कच्चं लिंबू.’ नपुंसकलिंगी आहे, बाईनं म्हणा की पुरुषानं. पोलिशमध्ये ते कसं जाईल मला सांगता येत नाही, पण जपानीत ‘शोशिन्शा देस’, म्हणजे मी नवशिका आहे, असं डावाच्या आधी म्हणायची पद्धत आहेच, पाठोपाठ ‘योरोशिकू’, सांभाळून घ्या. तिकडच्या भाषांतरकाराला ते घर भरायला दहा सेकंदही लागणार नाहीत.